वर्षाचं भरू की महिन्याचं? फॅमिली प्लॅनच्या वाटणीसह सगळा हिशेब

अमळनेरला आमचं रिचार्ज आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. वीजबिल, फॉर्म, फोनची डागडुजी हे तर चालतंच, पण आता काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, वरीसनं भरू का महिनानं?" आणि लगेच त्याच्या पाठोपाठ, "फॅमिलीनं लिधं तर एकेकले कितला पडतीन?"

प्रश्न दोन वाटतात, पण हिशेब एकच आहे. वर्षाचा प्लॅन स्वस्त की महिन्याचा, हे एकट्यासाठी काढलेलं उत्तर घरात तिघं वापरणारे निघाले की उलटं होतं. म्हणून मी एकच सेवा घेऊन सगळं शेवटपर्यंत मांडतो. यूट्यूब प्रीमियम घेतो, कारण आमच्याकडे कीर्तनापासून दहावीच्या गणितापर्यंत सगळं यूट्यूबवरच बघितलं जातं आणि त्यात सगळ्या तऱ्हांचे प्लॅन आहेत. इथले दर ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात वाढले तेव्हाचे आहेत. तुम्ही वाचाल तेव्हा दर बदललेले असतील तर तुमच्या स्क्रीनवरचे आकडे घाला, रीत तीच राहील.

## आधी एकट्याचा हिशेब

एका माणसासाठी यूट्यूब प्रीमियम दर महिन्याला आपोआप कापून घेतलं तर १४९ रुपये. आपोआप कापणं नको, एकदाच भरून एक महिना बघायचं, तर १५९. तीन महिन्यांचे एकदम ४५९. वर्षाचे एकदम १,४९०.

यातून पहिला आकडा काढायचा तो असा: वर्षाची रक्कम भागिले महिन्याची रक्कम. १,४९० ला १४९ ने भागलं की बरोबर १० येतात. म्हणजे वर्षाचा प्लॅन घेणाऱ्याला दहा महिन्यांच्या पैशात बारा महिने मिळतात. याचाच दुसरा अर्थ असा की वर्षातले दहापेक्षा कमी महिने वापरणार असाल तर महिन्याचाच प्लॅन स्वस्त. पूर्ण वर्ष वापरलं तर १,७८८ ऐवजी १,४९० जातात, २९८ रुपये वाचतात. पैसे आधी अडकतात म्हणून व्याज बुडतं असं कुणी म्हणेल, पण एवढ्या रकमेवर मुदतठेवीचं व्याज ५० रुपयांच्या आतच आहे. खरा धोका व्याजाचा नाही, मध्येच वापर थांबण्याचा आहे.

तीन महिन्यांच्या प्लॅनकडे मात्र नीट बघा. महिना महाग, वर्ष स्वस्त, म्हणजे तीन महिने मध्ये कुठेतरी बसतील असं आपण धरून चालतो. ४५९ ला तीनने भागलं तर महिन्याला १५३ पडतात. दर महिन्याला कापून जाणाऱ्या १४९ पेक्षा ते ४ रुपयांनी जास्तच. ज्याला बँक खात्यातून आपोआप कापणं मुळीच नको आहे त्याच्यासाठीच तो ठीक, कारण त्याला महिन्याला १५९ मोजावे लागले असते.

हा दहाचा आकडा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून दर वेळी भागाकार करायचाच. अॅमेझॉन प्राइमचे दर एप्रिल २०२३ पासून महिन्याला २९९, तीन महिन्यांना ५९९ आणि वर्षाला १,४९९ असे आहेत. तिथे १,४९९ भागिले २९९ म्हणजे जेमतेम पाच महिने. पण तिथे तीन महिन्यांचा प्लॅन खरोखर स्वस्त आहे. दोनदा तीन महिने आणि वर एक महिना, असे सात महिने घेतले तर १,४९७ होतात. म्हणजे आठव्या महिन्याची गरज असेल तरच वर्षाचा प्लॅन नक्की फायद्याचा. नुसतं महिना आणि वर्ष यांची तुलना केली असती तर सहाव्या महिन्यालाच वर्षाचा घेऊन बसलो असतो.

नेटफ्लिक्सला भारतात वर्षाचा प्लॅनच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. हवं तेव्हा महिनाभर घ्यायचं, बघून झालं की बंद करायचं.

## घरात खरोखर किती जण वापरतात

फॅमिली प्लॅनचा हिशेब इथेच बिघडतो. आमच्या घरात आई, दादा, वहिनी, मी, माझी बायको आणि पंधरा वर्षांची पुतणी असे सहा जण एकाच छताखाली राहतो. पुतण्या पुण्याला कॉलेजात आहे. फॅमिली प्लॅन दर महिन्याला २९९ रुपये, म्हणजे वर्षाला ३,५८८. घेणारा एक आणि त्याच्यासोबत आणखी पाच जण, अशी सहा खाती त्यात बसतात. ३,५८८ भागिले सहा म्हणजे वर्षाला ५९८ रुपये एकेकाला. जाहिरातीत हाच आकडा डोळ्यांत भरतो आणि तोच बहुतेक घरांना लागू पडत नाही.

मी घरात काय केलं ते सांगतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये `Digital Wellbeing` नावाचा भाग असतो. तिथे कोणतं अॅप रोज किती वेळ उघडं होतं ते दिसतं. एक आठवडा जाऊ दिला आणि रविवारी सगळ्यांचे फोन बघितले. आईचं रोज दोन तासांच्या वर, कारण सकाळचा हरिपाठ आणि दुपारचं कीर्तन. तिला स्क्रीन बंद करून फोन बाजूला ठेवून ऐकायचं असतं, आणि फुकटच्या यूट्यूबवर स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो. तिच्यासाठी प्रीमियमचा खरा उपयोग जाहिरातींपेक्षा याचाच. पुतणीचं दीड तास, सगळा अभ्यास. माझं तासभर, दुकानात. दादाचं रोज दहा मिनिटं, बातम्या. वहिनी आणि माझी बायको फोनवर जवळजवळ बघतच नाहीत, त्या दोघी रात्री हॉलमधल्या टीव्हीवर बघतात.

टीव्हीची गोष्ट फार जण विसरतात. टीव्हीवर ज्याच्या खात्याने लॉगिन आहे त्याचं प्रीमियम असेल, तर त्या टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांना जाहिरातीशिवाय दिसतं. टीव्हीवर माझं खातं आहे. म्हणजे वहिनी आणि बायको यांची गरज माझ्याच खात्यात भागते, त्यांना वेगळं मोजायचं कारण नाही. ज्या घरात सगळं बघणं एकाच टीव्हीवर होतं आणि फोनवर कुणी फारसं बघत नाही, तिथे तर एकट्याचा वर्षाचा प्लॅन पुरतो.

आमच्याकडे मोजण्याजोगे तीनच निघाले: आई, पुतणी आणि मी. सहा माणसांच्या घरात तीन. तुमच्याकडेही हा आकडा घरातल्या माणसांपेक्षा कमीच निघेल. वाटणी करायची ती याच आकड्याने.

## दोघं असतील तर, तिघं असतील तर

आता समोर तीन रस्ते ठेवा. प्रत्येकाने आपापला महिन्याचा प्लॅन घ्यायचा, प्रत्येकाने आपापला वर्षाचा घ्यायचा, किंवा सगळ्यांनी मिळून फॅमिली घ्यायचा. यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनला वर्षाचा पर्याय नाही, तो महिन्यालाच भरावा लागतो. म्हणून तुलना करताना फॅमिलीचे बारा महिने मोजायचे आणि समोर वर्षाचे सुटे प्लॅन ठेवायचे. बरेच लोक २९९ ची तुलना १४९ शी करतात आणि तिथेच फसतात.

दोघं असतील तर दोन महिन्याचे प्लॅन मिळून २९८ आणि फॅमिली २९९. एका रुपयाचा फरक. पण दोघांनी वर्षाचे घेतले तर २,९८० मध्ये वर्ष निघतं, फॅमिलीला ३,५८८ लागतात. दोघांच्या घरात फॅमिली घेणं म्हणजे वर्षाला ६०८ रुपये जास्त मोजणं.

तिघं झाले की बाजू फिरते. तीन वर्षाचे प्लॅन ४,४७० ला पडतात, फॅमिली तेवढ्याच ३,५८८ ला. ८८२ रुपये वाचले आणि एकेकाला वर्षाचे १,१९६ पडले. चार झाले तर एकेकाला ८९७. चौथ्या माणसामुळे एकूण खर्च एक रुपयाही वाढत नाही, म्हणून तो खरोखर वापरणारा असेल तर जरूर घ्यावा.

गंमत अशी की दर वाढण्यापूर्वी दोघांनाही फॅमिलीच परवडायचा. तेव्हा फॅमिली १८९ ला होता, म्हणजे वर्षाला २,२६८, आणि एकट्याचा वर्षाचा प्लॅन १,२९० ला, दोघांचे २,५८०. ऑगस्ट २०२४ मध्ये एकट्याचा १२९ वरून १४९ झाला, पण फॅमिली १८९ वरून एकदम २९९. मी स्वतः त्यानंतर काही महिने जुन्याच हिशेबावर लोकांना "दोघं असाल तर फॅमिली घ्या" असं सांगत होतो. एका मास्तरांनी वहीवर मांडून दाखवलं तेव्हा ध्यानात आलं. दर बदलला की भागाकार पुन्हा करायचा, हे तेव्हापासून पाळतो.

त्या दरवाढीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी जुलै २०२४ मध्ये वर्षाचे १,२९० भरून ठेवले होते त्यांचं वर्ष जुन्याच पैशात गेलं. महिन्याला भरणाऱ्यांना वाढ लगेच लागली. फॅमिली महिन्याचाच असल्यामुळे ही जोखीम त्यात कायम राहते.

## वर्षाच्या मध्ये एक जण गेला तर

आमची खरी अडचण ही होती. पुतणी दहावीला. निकाल लागला की अकरावीला नाशिकला जाणार. म्हणजे फॅमिली घेतला तेव्हापासून सहा महिन्यांनी घरात दोघंच वापरणारे उरणार, आई आणि मी. मग आत्ताच दोघांचे वर्षाचे घ्यावेत आणि पुतणीचा सहा महिने महिन्याचा?

मांडून बघितलं. आईचा आणि माझा वर्षाचा मिळून २,९८०. पुतणीचे सहा महिने गुणिले १४९, म्हणजे ८९४. एकूण ३,८७४. दुसरीकडे फॅमिली वर्षभर तसाच चालू ठेवला तरी ३,५८८. म्हणजे निम्मं वर्ष दोघांनीच वापरूनही फॅमिलीच २८६ रुपयांनी स्वस्त. सहा महिन्यांनी फॅमिली बंद करून आम्ही दोघं सुट्या महिन्याच्या प्लॅनवर गेलो असतो तर ३,५८२ लागले असते, सहाच रुपये कमी. त्यासाठी खटपट करण्यात अर्थ नव्हता.

तिसरा माणूस किती महिने टिकला तर फॅमिली परवडतो, हेही यातूनच कळतं. दोघांचे वर्षाचे आणि फॅमिलीचं वर्ष यात ६०८ चा फरक आहे. ६०८ भागिले १४९ म्हणजे चारपेक्षा थोडं जास्त. तिसरा माणूस पाच महिने जरी वापरणार असेल तरी फॅमिली घ्या. चार महिने किंवा कमी असेल तर दोघांचे वर्षाचे घेऊन तिसऱ्याला तेवढ्यापुरता महिन्याचा घ्या.

## पुण्याच्या पुतण्याचं काय

आमच्या खान्देशात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी पुणे, नाशिक नाहीतर सुरतेला असतंच. आणि प्रत्येक आईबापाला वाटतं की सहा जागा आहेत, तीन रिकाम्या, तर पोराला घालू यात.

यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनची अट अशी आहे की सगळे सदस्य मुख्य माणसाच्याच, म्हणजे प्लॅन घेणाऱ्याच्याच, घरच्या पत्त्यावर राहणारे आणि किमान १३ वर्षांचे असावेत. ही अट नुसती कागदावर नाही. दर ३० दिवसांनी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पत्ता जुळतो का ते तपासलं जातं. जुळला नाही तर त्या सदस्याला सूचना येते आणि मग त्याचं प्रीमियम थांबतं. तो ग्रुपमध्ये दिसत राहतो, पण जाहिराती पुन्हा सुरू होतात. पुण्याच्या पोराच्या भरवशावर चार जणांत वाटणी मांडली आणि दोन महिन्यांनी त्याचं थांबलं, की घरात भांडण. अट मोडायची नाही आणि हिशेबही त्यावर बांधायचा नाही.

पुतण्यासाठी सरळ रस्ता आहेच. कॉलेजात शिकणाऱ्यांना यूट्यूब प्रीमियमचा विद्यार्थी प्लॅन ८९ रुपये महिन्याने मिळतो. वर्षाला १,०६८. तिघांच्या फॅमिलीत एकेकाला जे १,१९६ पडतात त्यापेक्षाही तो स्वस्त. कॉलेजात शिकत असल्याची पडताळणी दर वर्षी करून द्यावी लागते आणि जास्तीत जास्त चार वर्षं ही सवलत चालते. पडताळणी चुकली की तोच प्लॅन पूर्ण दराने सुरू होतो, एवढं लक्षात ठेवायचं. परीक्षेच्या दोन महिन्यांत त्याला बंद ठेवायचा असेल तर तेही जमतं, कारण तो महिन्याचा आहे.

गूगल वनची साठवण मात्र वेगळी. तीही त्याच गूगल फॅमिली ग्रुपमधून वाटली जाते, पण तिथे एकाच घरात राहण्याची अट नाही, सगळे एकाच देशात असले की झालं. पुतण्या फॅमिली ग्रुपमध्ये आहे, घरची १०० जीबी साठवण तोही वापरतो, आणि यूट्यूबसाठी त्याचा विद्यार्थी प्लॅन वेगळा आहे. प्रत्येकाची स्वतःची फुकटची १५ जीबी आधी भरते, त्यानंतर सामायिक साठवणीतली जागा लागते. एकमेकांचे फोटो एकमेकांना दिसत नाहीत. आईला ही भीती होती, म्हणून मुद्दाम सांगतो. साठवणीला मी वर्षाचाच प्लॅन सुचवतो, कारण लग्नाबारशाचे फोटो दर वर्षी वाढतातच, कमी होत नाहीत. मध्ये बंद करून पुन्हा सुरू करण्यासारखी ती गोष्ट नाही. बंद पडली आणि कुणाचं १५ जीबीच्या वर गेलेलं असेल तर त्याच्या जीमेलवर नवीन मेल येणं थांबतं.

## जोडणी करताना कुठे अडतं

मुख्य माणूस कोण होणार हे आधी ठरवा. तो १८ वर्षांचा असावा लागतो आणि पैसे त्याच्याच खात्यातून जातात. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये मुख्यपद दुसऱ्याला देता येत नाही, ग्रुपच मोडून नवा करावा लागतो. शिवाय एक माणूस एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहू शकतो आणि बारा महिन्यांत एकदाच ग्रुप बदलू शकतो. म्हणून घरातल्या "मोबाइल समजतो" अशा पोरापोरींना मुख्य करू नका. ती उद्या शिकायला किंवा सासरी जाणार. जो घरी राहणार आहे त्याला करा. आमच्याकडे मी आहे.

मुख्य माणसाने प्लॅन घेतला की तो `families.google.com` वरून बाकीच्यांना ईमेलने बोलावणं धाडतो आणि ज्याने त्याने आपापल्या खात्यातून ते स्वीकारायचं. आमच्या दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त इथल्याच असतात. "दादा, फॅमिलीत घेतलं तरी जाहिरात येतेच." फोन हातात घेतला की कारण दिसतं. फोनमध्ये दोन जीमेल खाती असतात. बोलावणं एका खात्यावर स्वीकारलेलं, यूट्यूब चालतंय दुसऱ्यावर. यूट्यूबमध्ये आपल्या फोटोवर दाबून खातं बदललं की वर डावीकडे `Premium` हा शब्द दिसू लागतो. तो शब्द दिसला म्हणजे जोडणी झाली.

ज्याचा आधी स्वतःचा सुटा प्लॅन चालू होता त्याने फॅमिलीत येताना तो बंद झाला का ते बघायचंच. `youtube.com/paid_memberships` या पानावर चालू असलेला प्लॅन दिसतो. एका गिऱ्हाइकाचे सात महिने दोन्हीकडून पैसे जात होते. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण जोडणी मीच करून दिली होती आणि हे पान उघडून बघितलं नव्हतं.

आयफोन असेल तर आणखी एक गोष्ट. अॅपच्या आतून घेतलं तर दर जास्त लागतो. तोच प्लॅन ब्राउझरमधून घ्या, अॅपमध्ये तो आपोआप चालतो.

## आपोआप कापणं कसं थांबवायचं

रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवायचं आणि ग्राहकाला ती परवानगी केव्हाही मागे घेता यायला हवी. १५,००० पर्यंतच्या रकमा नंतर ओटीपी किंवा पिन न मागता जातात, म्हणजे आपल्या सगळ्या सबस्क्रिप्शन त्यातच आल्या. म्हणून तो आधीचा मेसेज वाचायची सवय लावायची. यूपीआयवर परवानगी दिली असेल तर तुमच्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेचा भाग असतो. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या, रक्कम आणि पुढची तारीख दिसते. महिन्यातून एकदा तो उघडा.

आमच्याकडे लोक येतात आणि सांगतात, "अॅप काढून टाकलं तरी पैसे जातायत." अॅप काढल्याने काहीच बंद होत नाही. आधी त्या सेवेच्या पानावर जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करायचं, मग यूपीआयमधली परवानगी मागे घ्यायची, या क्रमाने. रद्द केल्यावरही भरलेल्या महिन्याच्या शेवटपर्यंत सेवा चालते, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका. रद्द करायचं बटणच सापडू नये अशी रचना केली असेल तर त्याला सबस्क्रिप्शनचा सापळा म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यावर बंदी आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करता येते.

## सॉफ्टवेअर घेताना एक शब्द तपासा

धुळ्याचा माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. फोटो एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर त्याने डिसेंबरात घेतलं. महिन्याला पैसे जात होते म्हणून तो समजत होता की प्लॅन महिन्याचा आहे. जून संपला, लग्नसराई आटोपली, त्याने बंद करायला घेतलं तर स्क्रीनवर आलं की उरलेल्या पाच महिन्यांच्या निम्मे पैसे भरा. त्याचा प्लॅन वर्षाचा होता, फक्त हप्ता महिन्याचा. घेताना बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं.

अशा सॉफ्टवेअरला बहुधा तीन दर असतात. खरा महिन्याचा, वर्षाचा पण महिन्याला हप्ता, आणि वर्षाचा एकदम. आकडे सोपे धरून बघू. समजा ते अनुक्रमे १,६००, महिन्याला १,००० आणि एकदम १०,८०० आहेत, आणि मध्ये सोडलं तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मा दंड. माझ्या मित्रासारखं सात महिने वापरलं तर हप्त्याचे ७,००० आणि उरलेल्या ५,००० चे निम्मे २,५००, असे ९,५०० गेले. तो चिडला होता, फसवलं म्हणत होता, आणि त्याचं चिडणं मला पटतं, कारण त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. पण खरा महिन्याचा प्लॅन घेतला असता तर सात महिन्यांचे ११,२०० झाले असते. दंड भरूनही त्याचाच रस्ता स्वस्त निघाला.

पाच महिन्यांवर मात्र उलटं होतं. खऱ्या महिन्याच्या प्लॅनने ८,०००, हप्त्याच्या प्लॅनने दंड धरून ८,५००. म्हणजे या दरांना पाच महिन्यांपर्यंत खरा महिन्याचा, सहापासून पुढे हप्त्याचा. तुमच्या सॉफ्टवेअरचे आकडे घालून हीच रेघ शोधा, दंडाचा आकडा धरूनच. आणि दर जीएसटीसह लिहिलाय का ते बघा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो वेगळा असेल तर १,००० चे १,१८० होतात. स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर घेताना नंबर टाका, तो कर तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वळता करता येतो.

## पैसे गोळा करायचे कसे

२९९ ला तीनने भागलं तर ९९.६७ येतात. दर महिन्याला कुणाकडे तेवढे मागत बसलं तर दोन महिन्यांत वाटणी मोडते आणि सगळा खर्च मुख्य माणसावर पडतो. हे मी तीन-चार घरांत बघितलंय. आम्ही महिन्याचे सरळ १०० धरले आणि सहा महिन्यांचे एकदम घ्यायचे ठरवलं, एकदा दिवाळीला आणि एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दोन्ही सण साधारण सहा महिन्यांच्या अंतराने येतात आणि तेव्हा घरात सगळे असतात. एकेकाचे ६०० रुपये. पुतणीचे दादा देतो. आईचे कोण देणार यावर दादा आणि मी दोघंही हटून बसलो, मग निम्मे-निम्मे ठरले.

पुतणी नाशिकला गेली की तिचा हिस्सा थांबेल आणि आईचा नि माझा दीडशेवर जाईल, तेही आत्ताच लिहून ठेवलंय. गेल्या आखाजीला ताई नंदुरबारहून माहेरी आली तेव्हा म्हणाली, मलाही घाला ना तुमच्यात. तिला पत्त्याची अट सांगितली आणि तिच्या घरी फोनवर किती जण बघतात ते विचारलं. ती, भाऊजी आणि सासूबाई, तिघं. तिथेच झोक्याशेजारी बसून तिला ४,४७० आणि ३,५८८ चा हिशेब कागदावर मांडून दिला. तिने तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि घरी गेल्यावर भाऊजींच्या नावाने फॅमिली घेतला.